दुरुस्तीसह मंजूर

पुल रिक्वेस्ट म्हणजे प्रोग्रामच्या मूळ प्रतीत बदल करण्याचा प्रस्ताव. एक जण बदल लिहितो आणि वेगळ्या ब्रांचवर ठेवतो. दुसरा तो ओळीओळीने तपासतो, आणि मगच तो मूळ प्रतीत मिसळला जातो. या मिसळण्याला मर्ज म्हणतात. तपासणाऱ्याच्या सूचना दोन जागी पडतात. काही थेट त्या त्या ओळीखाली लिहिल्या जातात, आणि सगळे पाहून झाल्यावर शेवटी एक एकत्रित शेरा लिहिला जातो. निर्णय या शेऱ्यासोबत जातो.

गिटहबवर हा निर्णय तीनच प्रकारे देता येतो. `Comment` म्हणजे नुसते मत, `Approve` म्हणजे मंजुरी आणि `Request changes` म्हणजे आधी बदल करा, मग पुन्हा दाखवा. प्रत्यक्षात मात्र चौथी स्थिती वारंवार येते. काम बरोबर आहे, दोन-तीन किरकोळ गोष्टी सुधारायला हव्यात, पण त्यासाठी सगळे पुन्हा तपासायची गरज नाही. सरकारी फायलीवर जसा ‘दुरुस्तीसह मंजूर’ असा शेरा पडतो, तशीच ही मंजुरी. तिच्यासाठी वेगळे बटण नाही. `Approve` दाबायचे आणि अटी शेऱ्यात लिहायच्या. यंत्रणेला फक्त हिरवी खूण दिसते, अटी वाचणे माणसांवर सोपवलेले असते. म्हणून हा शेरा कसा लिहिला आहे यावर बरेच अवलंबून राहते. छोट्या दवाखान्याच्या अपॉइंटमेंट स्क्रिप्टच्या उदाहरणावरून ते नीट कळते.

स्क्रिप्ट आणि तिच्यातला दोष

दवाखान्यात दोन डॉक्टर आहेत आणि दर पंधरा मिनिटांना एक रुग्ण अशी सोय आहे. पायथनमध्ये लिहिलेली छोटी स्क्रिप्ट एका संगणकावर चालते. नोंदी SQLite च्या एका फाइलीत साठतात. स्वागतकक्षातले आणि आतल्या खोलीतले असे दोन्ही टेबलांवरचे कर्मचारी ब्राउझरमधून तीच स्क्रिप्ट वापरतात. फोनवर आलेल्या रुग्णाला बाहेरून वेळ दिली जाते, तर तपासून झालेल्या रुग्णाची पुढची वेळ आतून लिहिली जाते.

जुनी स्क्रिप्ट वेळ देताना दोन पायऱ्या करत असे. त्या डॉक्टरांच्या नावे त्या वेळेला आधीच नोंद आहे का हे पाहायचे, आणि नसेल तर नवी नोंद घालायची. एकाच माणसाने वापरले तर यात काही चुकत नाही. दोन्ही टेबलांवरून एकाच क्षणी 10:15 ची वेळ मागितली गेली, तर मात्र दोन्हीकडची पहिली पायरी ‘मोकळे आहे’ असे सांगते आणि दोन्हीकडची दुसरी पायरी नोंद घालते. पाहणे आणि लिहिणे यांच्यामधल्या फटीत दुसरी नोंद घुसते. ही फट सेकंदाच्या छोट्या अंशाची असल्यामुळे दोष रोज दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांत एकदा दोन रुग्ण एकाच वेळेचा कागद घेऊन समोर उभे राहतात, आणि चूक कोणाची हे कुणालाच सांगता येत नाही.

पुल रिक्वेस्टमध्ये ही फट बुजवली आहे. त्यातली मुख्य भर अशी:

```sql
CREATE UNIQUE INDEX IF NOT EXISTS one_booking_per_slot
ON appointments (doctor_id, slot_start)
WHERE status = 'booked';
```

एका डॉक्टरांच्या नावे एका वेळेला एकच चालू नोंद राहील, हा नियम आता स्क्रिप्टऐवजी डेटाबेस पाळतो. SQLite मध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. दुसऱ्याला थोडे थांबावे लागते, आणि त्याची पाळी येते तेव्हा पहिली नोंद पक्की झालेली असते. त्यामुळे दुसरी नोंद नाकारली जाते. शेवटची ओळही महत्त्वाची आहे. नियम फक्त `booked` नोंदींना लागू असल्यामुळे रद्द झालेली अपॉइंटमेंट आड येत नाही आणि तीच वेळ दुसऱ्या रुग्णाला देता येते.

तपासणीत काय सापडले

मुख्य बदल बरोबर निघाला. त्याच्या आजूबाजूला चार गोष्टी सापडल्या, आणि त्या चारही एका तोलाच्या नाहीत.

पहिली गोष्ट चुकीच्या निरोपाची. डेटाबेसने नोंद नाकारली की पायथनमध्ये `sqlite3.IntegrityError` हा अपवाद उभा राहतो. नव्या कोडमध्ये हा अपवाद आला की पडद्यावर ‘ही वेळ आधीच दिली आहे’ असे दिसते. पण हाच अपवाद दुसऱ्या कारणानेही येतो. फोन नंबराचा रकाना सक्तीचा आहे. तो रिकामा राहिला की स्क्रिप्ट तिथे `NULL` पाठवते आणि डेटाबेस तेही नाकारतो. मग फोन नंबर लिहायला विसरलेल्या कर्मचाऱ्याला 10:15 दिलेली दिसते, 10:30 दिलेली दिसते, 10:45 सुद्धा दिलेली दिसते. दवाखाना रिकामा आणि पडद्यावर सकाळ भरलेली. पायथन 3.11 पासून या अपवादासोबत नेमके कारणही मिळते, त्यामुळे दुरुस्ती छोटी आहे:

```python
except sqlite3.IntegrityError as e:
    if e.sqlite_errorname != "SQLITE_CONSTRAINT_UNIQUE":
        raise
    return SLOT_TAKEN
```

वेळ खरोखरच आधी दिलेली असेल तरच तसा निरोप जातो. बाकीच्या चुका पुढे जाऊन ‘नोंद झाली नाही’ या सर्वसाधारण निरोपात दिसतात.

दुसरी गोष्ट लॉगची. प्रत्येक नोंदीनंतर स्क्रिप्ट लॉग फाइलीत एक ओळ लिहिते. नव्या कोडमध्ये त्या ओळीत रुग्णाचे नाव आणि फोन नंबरही आला आहे. स्क्रिप्ट बिघडली की हीच फाइल ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपवरून दुरुस्ती करणाऱ्याकडे जाते. कोणता रुग्ण कोणत्या डॉक्टरांकडे कधी आला ही माहिती अशा रीतीने दवाखान्याबाहेर पडणे योग्य नाही. दोष शोधायला नोंदीचा क्रमांक पुरतो.

तिसरी गोष्ट कोडमधली नाही, जुन्या नोंदींमधली आहे. फाइलीत आधीपासून दुहेरी नोंदी असतील तर हा नियम लावताच येत नाही. निर्देशांक बनवतानाच SQLite `UNIQUE constraint failed` असे सांगून थांबते. नवी स्क्रिप्ट सुरू होतानाच हा निर्देशांक बनवते, म्हणून एक जुनी दुहेरी नोंदही सकाळी स्क्रिप्ट उघडू देणार नाही. मुळात हा दोष दुहेरी नोंदी घडल्या म्हणूनच लक्षात आला होता, तेव्हा अशा नोंदी असण्याची शक्यता मोठी आहे. नवी स्क्रिप्ट बसवण्याआधी त्या अशा शोधता येतात:

```sql
SELECT doctor_id, slot_start, COUNT(*)
FROM appointments
WHERE status = 'booked'
GROUP BY doctor_id, slot_start
HAVING COUNT(*) > 1;
```

या प्रश्नाने फाइलीत काहीही बदलत नाही, फक्त यादी मिळते. होऊन गेलेल्या तारखांमधली जास्तीची नोंद रद्द म्हणून टाकली तरी चालते. पुढच्या तारखेची दुहेरी नोंद सापडली तर मात्र कोणत्या रुग्णाला फोन करून वेळ बदलायची हे दवाखान्यालाच ठरवावे लागते.

चौथी गोष्ट किरकोळ. एका फंक्शनमध्ये वेळेसाठी `t` असे नाव वापरले आहे, `slot_start` म्हटले असते तर वाचायला सोपे गेले असते. स्क्रिप्टच्या वागण्यात त्याने काही फरक पडत नाही.

मंजुरी का, फेरतपासणी का नाही

दुरुस्त्या मागायच्या असूनही मंजुरी द्यावी का, याचा निकष दुरुस्तीच्या महत्त्वावर ठरत नाही. फोन नंबर लॉगमध्ये जाणे ही महत्त्वाचीच चूक आहे, आणि तरीही तिच्यासाठी फेरतपासणी लागत नाही. पाहायचे ते हे, की दुरुस्ती करण्याची वाट एकच आहे का आणि ती झाली की नाही हे लिहिणाऱ्याला स्वतःला पडताळता येते का. लॉगमधून दोन शब्द काढायचे आहेत. काढल्यावर एक नोंद करून फाइल उघडली की झाले. अपवादाच्या दुरुस्तीचा कोड तर तपासणाऱ्याने लिहूनच दिला आहे. फोनचा रकाना रिकामा ठेवून एकदा आणि दिलेली वेळ मागून एकदा पाहिले की खात्री होते. दोन्हीकडे नव्याने विचार करून ठरवायचे काही उरत नाही.

ही विभागणी गिटहबच्या फार आधीपासून आहे. मायकेल फॅगन यांनी आयबीएममध्ये कोड तपासणीची शिस्तबद्ध पद्धत बसवली आणि 1976 मध्ये तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. त्या पद्धतीत तपासणीनंतर दुरुस्ती आणि दुरुस्तीनंतर पडताळणी अशा पायऱ्या होत्या. तपासलेल्या मजकुरापैकी पाच टक्क्यांहून जास्त भाग बदलावा लागला तर सगळ्या गटाने पुन्हा बसून पूर्ण तपासणी करायची. त्याहून कमी असेल तर सूत्रधाराने एकट्याने पडताळले तरी चालेल. गूगलच्या जाहीर मार्गदर्शिकेतही उरलेल्या सूचना असताना मंजुरी देण्याची मुभा आहे. उरलेल्या सूचना लिहिणारा नीट हाताळेल अशी खात्री असावी, किंवा त्या सूचना किरकोळ असाव्यात. आणि यांपैकी कोणत्या कारणाने मंजुरी दिली हे तपासणाऱ्याने स्पष्ट लिहावे, असेही त्यात म्हटले आहे.

उलट बाजूही पाहायला हवी. समजा निर्देशांकातली `WHERE` ची ओळ राहून गेली असती. दोन खिडक्यांतून एकच वेळ मागण्याची चाचणी तरीही पास झाली असती. पण एखाद्या रुग्णाने अपॉइंटमेंट रद्द केली की ती वेळ कायमची अडकली असती. इथे दुरुस्तीच्या वाटा अनेक आहेत. अट घालता येईल, रद्द नोंदी दुसऱ्या तक्त्यात हलवता येतील, किंवा त्या पुसूनच टाकता येतील. तिसऱ्या वाटेने कोणी किती वेळा वेळ रद्द केली ही माहिती नाहीशी होते. लिहिणारा कोणती वाट धरेल हे आधी कळत नाही, म्हणून तिथे `Request changes` हाच योग्य निर्णय. एकाच ओळीची दुरुस्ती असली तरीही.

शेऱ्याचा मजकूर

वरच्या चार गोष्टी धरून शेवटचा शेरा असा लिहिता येतो:

> दुरुस्तीसह मंजूर. दुहेरी नोंदीचा दोष निघाला आहे. दोन खिडक्यांतून एकच वेळ मागून पाहिली, दुसरी नोंद नाकारली गेली. रद्द केलेली वेळ पुन्हा देता येते, तेही करून पाहिले.
>
> मर्ज करण्याआधी:
> 1. `IntegrityError` मध्ये कारण पाहूनच ‘वेळ दिली आहे’ म्हणावे. कोड ओळीखाली दिला आहे.
> 2. लॉगमधून नाव आणि फोन काढून फक्त नोंदीचा क्रमांक ठेवावा.
>
> दवाखान्याच्या संगणकावर बसवण्याआधी: फाइलीची प्रत काढून ठेवावी आणि जुन्या दुहेरी नोंदी शोधून निकालात काढाव्यात. त्याशिवाय निर्देशांक बनणार नाही.
>
> ऐच्छिक: `t` ऐवजी `slot_start`.
>
> 1 आणि 2 झाल्यावर पुन्हा विचारायची गरज नाही. याशिवाय दुसरे काही बदलले तर पुन्हा पाहायला द्यावे. सुट्टीच्या दिवसांचा भाग तपासलेला नाही, या बदलाने त्याला हात लागलेला नाही.

पहिल्याच वाक्यात निर्णय आहे. हिरवी खूण आणि खाली सूचनांची यादी एकत्र दिसली की वाचणारा गोंधळतो. मंजूर आहे की नाही हे त्याला यादी वाचण्याआधी कळायला हवे. त्यानंतर काय करून पाहिले ते आले आहे. ‘छान आहे’ एवढ्यावरून तपासणाऱ्याने स्क्रिप्ट चालवली की नुसती वाचली हे समजत नाही. ‘दोन खिडक्यांतून मागून पाहिली’ यावरून ते समजते, आणि पुढे काही बिघडले तर कुठून शोध सुरू करायचा हेही ठरते.

यादीची विभागणी वेळेनुसार केली आहे. मर्जआधीचे, बसवण्याआधीचे आणि ऐच्छिक. सगळ्या सूचना एका सरळ यादीत टाकल्या असत्या तर `t` चे नाव आणि फोन नंबर एकाच तोलाचे वाटले असते. बऱ्याच संघांत ऐच्छिक सूचनेच्या सुरुवातीला `nit:` असे लिहितात, त्याचाही हेतू हाच. जुन्या नोंदींची अट मर्जआधीच्या यादीत घातलेली नाही, कारण कोड बदलून ती पुरी होत नाही. ती दवाखान्यातल्या संगणकासमोर बसूनच पुरी होते. हीच स्क्रिप्ट वीस दवाखान्यांत चालत असती तर हाताने साफसफाई करण्यावर भिस्त ठेवता आली नसती. दुहेरी नोंदी ओळखून नीट निरोप देणारा कोड मागावा लागला असता, आणि मग मंजुरीही थांबली असती.

शेवटचा परिच्छेद मंजुरीची हद्द आखतो. कोणत्या दुरुस्तीनंतर परत यायचे नाही, कशासाठी यायचे आणि कोणता भाग मुळात पाहिलेलाच नाही, हे तीन वाक्यांत सांगून होते.

मंजुरीनंतर कुठे चुकते

पहिला धोका अटी तशाच राहून मर्ज होण्याचा. गिटहबवर ऑटो-मर्ज चालू करून ठेवले असेल तर गरजेची शेवटची मंजुरी मिळताक्षणी बदल आपोआप मिसळला जातो. दुरुस्ती करायला कोणाला उसंतच मिळत नाही. म्हणून अटीसह मंजुरी देण्याआधी ऑटो-मर्ज चालू आहे का ते पाहावे. चालू असेल तर आधी ते बंद करायला सांगावे किंवा मंजुरी रोखून ठेवावी. हा प्रकार घडला की नाही हे नंतरही ओळखता येते. पुल रिक्वेस्टच्या पानावर सगळे क्रमाने दिसते. मंजुरी आणि मर्ज यांच्यामध्ये एकही कमिट नसेल तर दुरुस्त्या झालेल्या नाहीत.

दुसरा धोका याच्या उलट. मंजुरीनंतरच्या कमिटमध्ये मागितलेल्या दोन दुरुस्त्यांबरोबर आणखी काही येते. समजा त्यात रुग्णाला एसएमएस पाठवण्याचा कोडही घातला. हिरवी खूण तशीच राहते, पण तो कोड कोणी पाहिलेलाच नसतो. हे टाळण्यासाठी गिटहबमध्ये अशी सोय आहे की नवे कमिट आले की जुनी मंजुरी आपोआप रद्द होते. पण ती सोय चालू असेल तर दुरुस्तीसह मंजुरीला अर्थ उरत नाही, कारण मागितलेली दुरुस्ती पुश केली तरीही मंजुरी जाते आणि तपासणाऱ्याला परत यावेच लागते. संघाने या दोनांपैकी एक पद्धत ठरवावी लागते.

तिसरी गोष्ट सूचना कुठे लिहिली आहे याची. चर्चा निकालात निघेपर्यंत मर्ज करू न देणारा नियमही गिटहबवर लावता येतो, पण तो ओळीखालच्या सूचनांनाच लागू होतो. एकत्रित शेऱ्याला ‘निकालात’ अशी खूण करताच येत नाही. म्हणून मर्जआधीची प्रत्येक अट संबंधित ओळीखाली स्वतंत्र लिहावी आणि शेऱ्यात तिचा नुसता उल्लेख करावा. खासगी प्रकल्पात असे नियम लावायला गिटहबची शुल्काची योजना लागते. दोघातिघांचा छोटा प्रकल्प सहसा मोफत योजनेवर असतो, आणि तिथे `Request changes` सुद्धा मर्ज अडवत नाही. तो निर्णय दिसतो, पण थांबवायचे काम माणसांनीच करायचे असते.

मर्ज झाल्यावर पुल रिक्वेस्ट बंद होते आणि नजरेआड जाते. दुरुस्त्या करणाऱ्याने प्रत्येक ओळीखाली कोणत्या कमिटमध्ये काय केले हे लिहून चर्चा मिटवली की मर्जआधीच्या अटी तिथेच संपतात. बसवण्याआधीची अट अजून उरलेली असते. ती वेगळी नोंद म्हणून इश्यूंच्या यादीत टाकावी, आणि दुहेरी नोंदींचा प्रश्न दवाखान्याच्या फाइलीवर चालवून यादी रिकामी आल्यावरच बंद करावी.